अंगठ्याच्या डावीकडे

ती क्लासमध्ये शिरली आणि माझ्या टेबलावर एक कागद आपटला. दहा प्रश्न, त्यातल्या सातांवर लाल फुल्या. खाली इंग्रजीत ‘नापास’ लिहिलेलं आणि त्याखाली एक हसरा चेहरा काढलेला. तो चेहरा बघून माझं डोकं फिरलं.

“मोठ्यानं वाचलं त्यांनी,” ती म्हणाली. “सगल्यांसमोर.”

ती भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. पन्नाशीकडे झुकलेली, मीरा रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं आयाबाई. बेडपॅन, चादरी, पेशंटला उठवणं-बसवणं. हॉस्पिटलात तिला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्या आयांना ‘मावशी’ म्हणतात. तिच्या मुलाच्या वयाचे डॉक्टर म्हणतात आणि तिच्या आईच्या वयाच्या पेशंटही म्हणतात. म्हणून पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, “बाय, तू तरी ताई म्हन.” हॉस्पिटलानं ठरवलं होतं की जुन्या आयांपैकी एकीला ओपीडीच्या काउंटरवर घ्यायचं. खुर्चीवर बसून काम, दिवसाची पाळी. तिची कंबर गेलेली होती. आणखी दोन-तीन वर्षं पेशंट उचलले तर ती स्वतःच एक दिवस पेशंट होऊन तिथे पडेल, हे तिला अस्थिरोगवाल्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. ती खुर्ची म्हणजे तिची कंबर होती. अट एकच: इंग्रजीची परीक्षा. मराठीत दिलेले दहा प्रश्न, जे काउंटरवरच्या बाईनं पेशंटला विचारायचे, ते इंग्रजीत लिहून दाखवायचे. आठ बरोबर आले की पास.

मी तेव्हा भाईंदर पश्चिमेला, एका साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर चालणाऱ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवत होते. बीएचा निकाल लागून वर्ष झालं होतं. घरात वडील युनियनवाले. गिरणगावातून इकडे आलो तेव्हा आमच्या टेम्पोत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे एखाद्या गोष्टीचा संताप आला की आधी हात पेनाकडे जातो. इंग्रजी शिकवायला लागले तेही अशाच एका समजुतीतून, की ज्या भाषेनं माणसाला बाहेर ठेवतात ती भाषा त्याच्या हातात द्यायची.

मी कागद वाचला.

‘तुम्ही काय करताय?’ याच्यासाठी तिनं लिहिलं होतं, ‘व्हॉट यू आर डूइंग?’ ‘तुम्ही कुठे राहता?’ याच्यासाठी ‘व्हेअर यू लिव्ह?’ ‘गोळी कधी घेतली?’ याच्यासाठी ‘व्हेन यू टुक द टॅब्लेट?’ ‘कुठे दुखतंय?’ याच्यासाठी ‘व्हेअर इट हर्ट्स?’ बरोबर आलेले तीन म्हणजे ‘हाउ आर यू’ आणि ‘व्हॉट इज युवर नेम’, जे सगळ्या जगाला पाठ असतात, आणि ‘तुम्हाला कोणी आणलं?’ याचं ‘हू ब्रॉट यू?’

यात वेडेपणाचं काही नव्हतं. आपण मराठीत विचारतो तेव्हा काहीच जागचं हलवत नाही. ‘तू बाजारात जातेस’ याचा प्रश्न करायचा तर ‘कुठे’ टाकलं की झालं. तिनं इंग्रजीतही तेच केलं. प्रश्नाचा शब्द पुढे नेला, कारण तो पुढे असतो हे तिला माहीत होतं, आणि बाकीचं वाक्य साध्या विधानासारखं तसंच ठेवलं. इंग्रजीत मात्र तेवढ्यानं भागत नाही. तिथे ‘आर’, ‘इज’, ‘हॅव’, ‘कॅन’ असल्या साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या मागून उठून त्याच्या पुढे यावं लागतं. ‘व्हॉट आर यू डूइंग’. असं क्रियापद वाक्यात नसलं तर ‘डू’, ‘डझ’ नाहीतर ‘डिड’ आणून तिथे उभं करावं लागतं.

“काय म्हणाला तो?” मी विचारलं. तो म्हणजे हॉस्पिटलचे अ‍ॅडमिनवाले साहेब. परीक्षा तेच घेत.

“ड्यूटी बदलायची वेल. सगले अंगठा लावायला मशीनपाशी उभे. ह्यांनी कागद काढला नं वाचाया लागले. व्हॉट यू आर डूइंग, व्हेअर यू आर गोइंग. मंग म्हनले, मावशी, तुम्ही वॉर्डात झाडू मारता तसाच इंग्रजीला मारलात. वॉर्डबॉय पोट धरून हसले. आनि मी पन हसली.”

“तुम्ही का हसलात?”

“मंग काय रडू तिथं?”

मी दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात गेले. तिला न सांगता. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत गेले: परीक्षा घ्या, पण माणसाची जाहीर टर उडवण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला. साहेब केबिनच्या दारात उभे होते, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“येस? व्हॉट यू वॉन्ट?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“मॅडम, व्हाय यू आर स्टँडिंग हिअर? धिस इज स्टाफ एरिया.”

मी तशीच परत फिरले. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, जिन्यानं उतरले. ज्या चुकीसाठी या माणसानं तिला अंगठ्याच्या मशीनपाशी उभं करून सोललं, तीच चूक त्याच्या तोंडातून पाठोपाठ दोनदा निघाली होती आणि आजूबाजूच्या एकालाही हसू आलं नव्हतं. येणार कसं? त्याच्या तोंडून ती चूक म्हणजे इंग्रजी, आणि तिच्या हातून ती अडाणीपणा. वाक्य तेच. फक्त एकाच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत आणि दुसरीच्या हातात बेडपॅन.

त्या दुपारी मी पत्रक लिहिलं. ‘हसणाऱ्या साहेबांना सात प्रश्न’. डाव्या रकान्यात तिची फुल्या पडलेली वाक्यं, उजव्या रकान्यात साहेबांची वाक्यं, मध्ये काही नाही. खाली चार ओळी: ही परीक्षा इंग्रजीची आहे की जागेवर ठेवण्याची? आजही मला ते पत्रक चांगलं वाटतं. शंभर प्रती झेरॉक्स केल्या. हॉस्पिटलच्या फाटकाशी, पाळी बदलताना वाटायच्या, असा बेत.

आधी तिला दाखवायला मुर्ध्याला गेले. तिचं घर खाडीच्या बाजूला. पडवीत बसलं की समोर पूर्वी मिठागर दिसायचं, तिच्या सासऱ्यांचं. आता तिथे पत्रे ठोकलेत आणि मागे क्रेन उभी आहे. ती बोंबील साफ करत होती. ओल्या हातानं कागद धरवेना म्हणून मीच वाचून दाखवला. मला वाटलं ती खूश होईल.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. “किती काढलेस?”

“शंभर.”

“जालून टाक.”

“का? त्याचं खरं काय ते लोकांना कळायला नको?”

“कलंल की. मंग? दोन महिन्यांनी परत परीक्षा हाय. तो घेनार. हा कागद वाटलास त मना तो बसू देल?” तिनं बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. “तो चुकला, म्हनून माझं बरोबर झालं न्हाय.”

“ताई, प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व तुझं हाय. कंबर माझी हाय.”

मी चिडून बोलले, की असंच सगळे म्हणतात म्हणून हे असले लोक माजतात. ती चिडली नाही, निदान आवाजात तरी नाही. पुढचा बोंबील उचलत म्हणाली, “बाय, एक विचारू? तुझ्या क्लासात माझं सगलं बरोबर यायचं. वहीत एक फुली न्हाय. मंग तिथं सात कशा चुकल्या?”

मी म्हटलं, घाबरला असाल.

“घाबरली न्हाय. तिथं टकटक नव्हती.”

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं, आणि जे कळलं ते साहेबापेक्षा वाईट होतं.

आमच्या क्लासची एक पद्धत होती. मालक सर नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगायचे: विद्यार्थ्याला ‘चूक’ म्हणायचं नाही. त्याचा उत्साह जातो, तो यायचा बंद होतो. तो चुकला की टेबलावर पेन आपटायचं, टकटक. तो आपोआप सुधारेल. मला ही पद्धत फार आवडली होती. आमच्या शाळेत बाई चुकलेल्या मुलीला बाकावर उभं करायच्या. त्यापुढे हे किती माणुसकीचं, असं मी घरी वडिलांनाही सांगितलं होतं. तर ती वाक्य सुरू करायची, ‘व्हॉट यू...’ आणि माझं पेन वाजायचं. ती लगेच, ‘व्हॉट आर यू’. मी मान हलवायचे. वहीत बरोबर वाक्य उतरायचं. ‘व्हेअर यू...’ टकटक. ‘व्हेअर आर...’ टकटक. ‘व्हेअर डू यू लिव्ह’. शाबास!

तीन महिने ती इंग्रजी शिकत नव्हती, माझं पेन वाचत होती. पेन वाजलं की दुसरं काहीतरी करून बघायचं, परत वाजलं की तिसरं. कुठल्या वाक्यात काय हलवायचं आणि का, हे मी तिला कधी करूच दिलं नव्हतं. मी तिचा मान राखत होते म्हणे!

“मग आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“तुला बरं वाटत व्हतं. शाबास म्हनताना तुझा चेहरा असा व्हायचा.” तिनं चेहरा करून दाखवला. डोळे बारीक, मान वाकडी, अगदी मी. तिची सून आतून फिसकन हसली. मला हसू आलं नाही.

मी सरांना सांगितलं की ही टकटक बंद करायला हवी, विद्यार्थी त्यावर टेकतात. सर पंख्याखाली बसून हजेरी भरत होते.

“मॅडम, आपली बॅच फुल्ल आहे ना?”

“आहे. पण त्यांना येत नाही.”

“वाटतं ना त्यांना, की येतं? आत्मविश्वास, मॅडम. निम्मं इंग्रजी आत्मविश्वास असतं.”

“आणि उरलेलं निम्मं?”

“ते तुम्ही फार मनावर घेता.” त्यांनी हजेरीवरून नजर काढली नाही. मी मनात त्यांच्यावर एक पूर्ण पत्रक लिहिलं, पण तो राग खोटा होता, निदान अर्धा. पेन माझ्या हातात होतं, त्यांच्या नाही.

मग आम्ही तिच्या पडवीतच बसायला लागलो, तिची पाळी संपल्यावर, दिवस असेपर्यंत. अट तिनं घातली: मी हात मांडीखाली घ्यायचे आणि माझ्या तोंडाकडे तिनं बघायचंच नाही. वाक्य तिनं लिहायचं, तिनंच तपासायचं, आणि पाचही वाक्यं तपासून झाल्याशिवाय मी एक शब्द बोलायचा नाही.

पहिले काही दिवस भयंकर गेले. ती ‘व्हाय यू आर नॉट ईटिंग’ लिहायची, त्याच्याकडे बघत बसायची, आणि पुढे जायची. माझ्या जिभेवर बरोबर वाक्य यायचं आणि मी ते गिळायचे. नियम मी आधीच सांगितला होता, फळ्यावर लिहितात तसा. तिला पाठही होता. पण पाठ असलेला नियम आणि समोरचं वाक्य यांची गाठ पडत नव्हती. तिला कळत नव्हतं की बघायचं नेमकं कुठे.

वाट तिनंच काढली. एका संध्याकाळी तिनं वहीवर डाव्या हाताचा अंगठा दाबला. “हे ‘यू’ झाकलं. विचारतोय ज्याच्याबद्दल तो मानूस अंगठ्याखाली. आता हे ‘आर’ कुठं हाय? उजवीकडं. म्हनजे हलवायचं राहिलं.” तिनं ‘आर’ खोडलं आणि अंगठ्याच्या डावीकडे लिहिलं. अंगठा उचलला. ‘व्हाय आर यू नॉट ईटिंग?’ मग माझ्याकडे न बघताच विचारलं, “असं?”

मला बोलायला परवानगी नव्हती. पाच वाक्यं व्हायची होती.

त्या अंगठ्यानं पुढचे सगळे अडथळे उघडे पाडले. ‘व्हेअर यू लिव्ह’: अंगठ्याच्या डावीकडे प्रश्नाचा शब्द सोडून काही नाही आणि उजवीकडेही मदतीला कुणी नाही, म्हणजे ‘डू’ बाहेरून आणा. ‘व्हेअर इट हर्ट्स’: ‘डझ’ आणलं. पण तिनं लिहिलं, ‘व्हेअर डझ इट हर्ट्स’, आणि गोळीचं ‘व्हेन डिड यू टुक’. पाच वाक्यं झाल्यावर मी सांगितलं, की शेवटचा ‘एस’ आता ‘डझ’मध्ये गेला, आणि झालेला काळ ‘डिड’मध्ये, मागच्या क्रियापदाला मूळ रूपात सोडायचं. ‘हर्ट’, ‘टेक’. ती म्हणाली, “म्हनजे भार एकानं उचलला की दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय.” स्ट्रेचर उचलणारी बाई ती.

‘पेशंटचा भाऊ कुठे थांबलाय?’ याला एक अंगठा पुरेना, तिनं ‘द पेशंट्स ब्रदर’वर तीन बोटं आडवी ठेवली. ‘व्हेअर इज’ डावीकडे, ‘वेटिंग’ उजवीकडे. बरोबर.

आणि मग ती बिघडली. जे आधी बरोबर येत होतं तेच चुकायला लागलं. ‘हू ब्रॉट यू?’ च्या जागी ‘हू डिड ब्रिंग यू?’ ‘तुम्ही कुठे राहता ते सांगा’ याचं ‘टेल मी व्हेअर डू यू लिव्ह’. दिसेल त्या ठिकाणी ती मदतनीस पुढे ढकलत सुटली. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. परीक्षेला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी नियम सांगितला नाही. फक्त विचारलं, “‘हू ब्रॉट यू’मध्ये आणणारा कोण?”

“तेच तर विचारतेय. हू.”

“मग अंगठा कुठे ठेवणार?”

ती अंगठा घेऊन वाक्यावर फिरली. ‘यू’वर नेला, उचलला. “हा आननारा न्हाय. आननारा ‘हू’च हाय.” मग हसली. “त्याच्या डावीकडं जागाच न्हाय. मंग कोन हलनार? तसंच ठेवायचं.” आणि ‘टेल मी’चं तिनं स्वतः जुळवलं: तिथे मी विचारतच नाहीये, सांगायला सांगतेय. आतलं वाक्य साधंच राहू द्यायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं पत्रकांबद्दल विचारलं. मी ती जाळली नव्हती. कपाटात होती, शंभरच्या शंभर. तिनं नुसती मान डोलावली.

परीक्षेला साहेबांच्या शेजारी सगळ्या नर्सवरच्या मेट्रन बसल्या होत्या, तिनंच नंतर सांगितलं. साहेबांनी तिला कागदावर अंगठा दाबताना पाहिलं आणि म्हणाले, “मावशी, सही येत नाही का? अंगठा देताय?” पुन्हा कुणीतरी हसलं. ती या वेळी हसली नाही. अंगठा तसाच ठेवून ‘डिड’ डावीकडे लिहिलं आणि पुढच्या वाक्यावर गेली. मेट्रननी कागद साहेबांकडून मागून घेतला आणि स्वतः तपासला. नऊ बरोबर. एक चुकलं, त्यात ‘डझ’च्या जागी ‘डू’ होतं. जागा मात्र बरोबर होती.

महिन्याभरानं मी तिला काउंटरवर बघायला गेले. निळं जाकीट, पाठीला उशी. रांग मोठी होती, मीही रांगेत उभी राहिले, तासभर तरी. तेवढ्या वेळात तिच्या समोर आली ती माणसं: मोरव्याची एक म्हातारी, तिच्याशी ‘कवापासून दुखतंय गो’, काशीगावचा एक रिक्षावाला, त्याच्याशी हिंदी, एक गुजराती जोडपं, त्यांच्याशीही हिंदीच, पुन्हा मराठी, पुन्हा हिंदी. तासाभरात इंग्रजीतला एकही प्रश्न तिला कुणाला विचारावा लागला नाही. एकही नाही!

माझा नंबर आला तेव्हा मी फणफणलेली होते. “ताई, बघताय ना? यासाठी कंबर मोडेपर्यंत परीक्षा? ज्या भाषेत इथे कुणी बोलतच नाही? मी ती पत्रकं आता वाटणार. आता तुम्हाला कसली भीती?”

तिनं संगणकावरची नजर वर केली. “आता वाट,” ती म्हणाली. “पन माझी वाक्यं काढ. साहेबाची पन काढ. लिही, काउंटरला इंग्रजी कशाला पायजेल. तेवढंच लिही. माझ्यामागं आनखी चार बायका हायत, त्यांच्या पन कंबरा गेल्यात.”

“आणि त्याचं हसणं? ते तसंच सोडायचं?”

“ते मी न्हाय सोडलं,” ती म्हणाली. “काल माझ्याकडं आला. व्हेअर यू हॅव केप्ट द फाईल, म्हनला. मी म्हनलं, सर, मराठीत विचारा. मना मराठी चांगलं कलतं.”

“मग?”

“विचारलं की मराठीत. फाईल दिली.”

मागच्या माणसानं माझ्या खांद्याला हात लावला, मॅडम, लाईन आहे. तिनं हातानं मला बाजूला व्हायची खूण केली आणि त्याच्या हातातला कागद घेतला.

घरी आल्यावर मी शंभर पत्रकं मागच्या कोऱ्या बाजूनं उलटी करून ठेवली आणि एकावर नवं लिहायला बसले. पहिल्या ओळीला खूप वेळ लागला. सवयीनं आधी साहेबच येत होता, आणि दर वेळी तो खोडावा लागत होता.